नाव घातलं, तरी मेल सगळ्यांचाच

*ताई, नमस्कार. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, आग विझवण्याच्या यंत्रणेची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत ऑफिस सांभाळते. आमचे 72 ग्राहक आहेत. बहुतेक हाउसिंग सोसायट्या, थोडे कारखाने, दोन शाळा. बहुतेकांचा वार्षिक करार जूनअखेर संपतो, तेव्हा मी सगळ्यांना एकच ठरलेला मेल पाठवते. उत्तरं फार थोडी येतात. साहेब म्हणाले, प्रत्येकाचं नाव घाल, मेल पर्सनल वाटला पाहिजे. या वेळी नावं घातली. तर एका सोसायटीच्या चेअरमननी उत्तर दिलं, “मॅडम, मी मार्चमध्येच पद सोडलं. आणि हा मेल तुम्ही सगळ्यांना धाडलाय, हे नाव घालून लपत नाही.” फार ओशाळल्यासारखं झालं. 72 पत्रं वेगवेगळी लिहायला मला वेळ नाही. काय करू? मेल सोबत जोडला आहे.*

*— वागळे इस्टेटमधली एक वाचक*

नमस्कार.

तुमचा मेल वाचला. वाचकांसाठी तो इथे देते, कारण असाच मेल निम्म्या ठाण्यातून आणि अख्ख्या नवी मुंबईतून रोज निघत असतो:

“आदरणीय पाटील सर, आपल्या सेवेची संधी दिल्याबद्दल आम्ही आपले अत्यंत आभारी आहोत. आपला वार्षिक देखभाल करार दि. 30 जून रोजी संपुष्टात येत असून त्याचे नूतनीकरण करून आम्हास सहकार्य करावे, ही नम्र विनंती. आपल्या सेवेत सदैव तत्पर.”

यात “पाटील सर” हे दोन शब्द सोडले तर पाटलांचं काहीच नाही. त्यांची इमारत नाही, त्यांचा पंप नाही, तुमच्या माणसाने तिथे वर्षभर काय केलं ते नाही. नाव घातल्याने उलट एक झालं. आधी तो मेल सरळसरळ परिपत्रक होता आणि परिपत्रकावर कोणी रुसत नाही. आता तो परिपत्रक असून पत्राचं सोंग घेऊन आला, आणि सोंग उघडं पडलं.

लग्नाची छापील पत्रिका आठवा. मजकूर चारशे घरांत तोच जातो, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. पण पत्रिकेच्या कोपऱ्यात मावशीने पेनाने एक ओळ लिहिलेली असते, “तू दोन दिवस आधी ये, रुखवताचं तुझ्याकडे आहे.” ती पत्रिका तुमची होते. पाकिटावरच्या नावामुळे नाही, त्या ओळीमुळे होते. तुम्हाला 72 पत्रं लिहायची नाहीत. छापील पत्रिका तशीच राहू द्या, फक्त कोपऱ्यातली ओळ लिहायची आहे. ती कुठून आणायची आणि कुठे बसवायची, एवढंच आज बोलू.

आधी हे बघा की तुमचा मेल वाचतं कोण. सोसायटीचा मेल आयडी बहुधा सोसायटीच्या नावाचा असतो. तो उघडतो ऑफिसात बसणारा मॅनेजर, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर सेक्रेटरी. तो वाचून पुढे कमिटीच्या ग्रुपवर टाकतो किंवा प्रिंट काढून मीटिंगच्या फायलीत लावतो. म्हणजे मेल एकाला लिहिलात तरी सात-आठ जण वाचणार, आणि त्यातलं पद दर निवडणुकीला बदलणार. म्हणून सोसायटीच्या मेलमध्ये माणसाचं नाव ही सर्वांत कच्ची गोष्ट. वर्षाच्या आत शिळं होतं ते. तिथे नुसतं “नमस्कार” चालतं, आणि पुढची ओळ इमारतीबद्दल हवी. कारखान्याचं उलट आहे. तिथे ॲडमिनचा किंवा मेंटेनन्सचा एक ठरलेला माणूस असतो, तो वर्षानुवर्षं तोच असतो, आणि त्याला नावाने लिहिलेलं बरं वाटतं. साहेबांनी “नाव घाल” म्हटलं ते कारखान्यापुरतं बरोबर आहे.

आता ती ओळ. ती तुमच्या डोक्यातून येणार नाही, आणि यायलाही नको. ती तुमच्याच ऑफिसात फायलीला लागलेली आहे. टेक्निशियन प्रत्येक व्हिजिटनंतर सर्व्हिस रिपोर्ट भरून त्यावर सोसायटीचा शिक्का घेऊन येतो ना? त्याच्या खालच्या “शेरा” रकान्यात तो वाकड्यातिकड्या अक्षरात दोन-तीन शब्द लिहितो. “जॉकी पंप सारखा चालू.” “गेज लाल.” “रील मागे रॅक.” ग्राहकाशी बोलायला याहून चांगला मजकूर तुम्हाला कुठलाही मार्केटिंगवाला देणार नाही. अक्षर लागलं नाही तर त्यालाच फोन करून विचारा. त्याला दोन मिनिटं लागतील, आणि शेऱ्यात न लिहिलेलं काहीतरी तो नक्की सांगेल.

ओळ खरी पर्सनल आहे की नाही, हे तपासायची माझी एकच पद्धत आहे. त्या ओळीवरचं नाव झाका आणि विचारा, हीच ओळ यादीतल्या पुढच्या ग्राहकाला चालेल का? “आपण गेली अनेक वर्षं आमच्यावर विश्वास दाखवलात” ही ओळ 72 जणांनाही चालते, म्हणून ती कोणाचीच नाही. “बी विंगच्या सातव्या मजल्यावरचा लँडिंग व्हॉल्व गळत होता” ही दुसऱ्या कोणाला पाठवलीत तर तो फोन करून विचारेल, आमच्याकडे बी विंग कुठली?

एक उदाहरण पूर्ण करून बघू. घोडबंदर रोडवरची 22 मजल्यांची सोसायटी घ्या. सर्व्हिस रिपोर्टवर शेरा आहे, “जॉकी पंप सारखा चालू, बी-7 व्हॉल्व टाइट केला.” तुम्हाला हे माहीत आहे, पण वाचकांसाठी सांगते. जॉकी पंप हा छोटा पंप असतो. पाइपातला दाब थोडा उतरला की तो आपोआप चालू होऊन दाब भरतो आणि बंद होतो. कोणी पाणी वापरत नसताना तो दर दहा मिनिटांनी चालू होत असेल, तर कुठेतरी पाणी गळतंय, नाहीतर पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व नीट बसत नाहीये. आता मेल असा होईल:

“विषय: जॉकी पंपाचं काम आणि 30 जूनला संपणारा करार

नमस्कार,

14 मेच्या व्हिजिटमध्ये तुमचा जॉकी पंप दर दहा-बारा मिनिटांनी आपोआप चालू होत होता. लाइनमध्ये कुठेतरी पाणी गळत असल्याची ती खूण असते. बी विंगच्या सातव्या मजल्यावरचा लँडिंग व्हॉल्व आम्ही घट्ट केला, त्यानंतर ते प्रमाण कमी झालं. पूर्ण थांबलं का, हे जूनच्या व्हिजिटमध्ये तपासून रिपोर्टवर लिहून देतो.

तुमचा वार्षिक करार 30 जूनला संपतोय. पुढच्या वर्षाची रक्कम 36,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, एकूण 42,480 रुपये. व्हिजिटची संख्या आणि अटी चालू करारातल्याच आहेत. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा जुलैचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, नव्या करारात धरलेला आहे.

कमिटीची मीटिंग कधी आहे ते कळवलंत, तर त्याच्या आधी सही-शिक्क्याचं कोटेशन सोसायटीच्या ऑफिसात पोचवतो.”

यातला मधला परिच्छेद 72 जणांना तोच जाईल, फक्त आकडे बदलतील. त्याला हात लावू नका. रक्कम, जीएसटी, अटी यांत वाचणाऱ्याला शैली नको असते, नेमकेपणा हवा असतो. प्रत्येकासाठी हा भाग नव्याने लिहायला गेलात तर कुठेतरी एक अट निसटेल आणि वर्षभर भांडण होईल. बदलायच्या जागा तीनच आहेत: विषयाची ओळ, पहिला परिच्छेद आणि शेवटचं मागणं.

या तिसऱ्या जागेकडे कोणी बघत नाही, म्हणून तिच्यावर थोडं थांबते. “नूतनीकरण करून सहकार्य करावे” हे मागणं कोणालाच करता येण्यासारखं नाही. सेक्रेटरी एकट्याने करार करू शकत नाही, त्याला कमिटीचा ठराव लागतो. त्याच्या हातात आज काय आहे? मीटिंगची तारीख सांगणं. तेवढंच मागा. कारखान्यातल्या ॲडमिनच्या हातात परचेस ऑर्डर पुढे ढकलणं असतं, तर त्याला विचारा की कोटेशन कोणाच्या नावाने आणि कुठल्या फॉरमॅटमध्ये हवं. शाळेला बहुधा संस्थेच्या मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. तिथे विचारा की पत्र मुख्याध्यापकांच्या नावे पाठवू की संस्थेच्या. मागणं ग्राहकाच्या आतल्या कारभाराला धरून असलं की वाचणाऱ्याला कळतं, यांना आमचं काम कसं चालतं ते माहीत आहे. ही जवळीक नावाने येत नाही. आणि उत्तर द्यायलाही सोपं जातं, “12 तारखेला मीटिंग आहे” एवढंच लिहायचं असतं.

आता तोच मेल नौपाड्यातल्या चार मजली जुन्या सोसायटीला. तिथे पंप नाही, हायड्रंट नाही, जिन्यात लावलेले आठ सिलिंडर आहेत. पहिला परिच्छेद: “मीटर रूमजवळच्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात गेला होता. तो भरून 3 जूनला परत जागेवर लावला आहे. बाकीचे सात हिरव्या पट्ट्यात आहेत.” शेवटी: “मान्य असेल तर सोबतच्या पानावर सही करून फोटो पाठवलात तरी चालेल.” आणि फॉर्म बीचं वाक्य? महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने तो फॉर्म दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो, पण तो कायद्यात नमूद केलेल्या इमारतींना. प्रत्येक बुटक्या इमारतीला तो लागू नसतो. साहेबांना विचारून यादीत खूण करा आणि ज्यांना लागू नाही त्यांच्या मेलमधून ते वाक्य काढून टाका. माझ्या मते चुकीच्या नावापेक्षा हे वाईट दिसतं. ज्याचा आपल्याशी संबंध नाही असं वाक्य वाचलं की माणसाला कळतं, हे माझ्यासाठी लिहिलेलं नाही, आणि पुढचं तो वाचत नाही.

रबाळे एमआयडीसीतला कारखाना घ्या. शेरा होता “रील मागे रॅक.” मेलमध्ये: “देशपांडे सर, स्टोअरमध्ये नवे रॅक लागल्यापासून दोन होज रील रॅकच्या मागे गेल्या आहेत. पाइप पूर्ण ओढून बाहेर काढता येत नाही. रील हलवायच्या की रॅक, हे जागेवर बघून ठरवावं लागेल. पुढच्या व्हिजिटला तुम्ही किंवा स्टोअरचं कोणी सोबत असेल तर बरं.” हा मेल नूतनीकरणाचा आहे हे अजून आलेलंही नाही, आणि देशपांडे तो टाकून देणार नाहीत.

ज्यांच्याकडे काहीच बिघडलं नाही, त्यांना काय लिहायचं, असं तुमच्या मनात आलं असेल. तेच लिहायचं. “मे महिन्याच्या तपासणीत सगळ्या 24 सिलिंडरचे काटे हिरव्या पट्ट्यात होते, पंप ऑटोवर पहिल्या प्रयत्नात सुरू झाला.” चांगली बातमीही त्या एकाच इमारतीची असते.

मात्र शेऱ्यात दिसेल ते सगळं मेलमध्ये घालू नका. आपल्याकडे होज रीलच्या पेटीत झाडू आणि बादली ठेवायची जुनी पद्धत आहे. तुमच्या टेक्निशियनने ते लिहिलेलं असणारच. ते मेलमध्ये गेलं की कमिटीच्या ग्रुपवर जातं, वॉचमनला बोलणी बसतात, आणि पुढच्या व्हिजिटला तोच वॉचमन तुमच्या माणसाला गच्चीची किल्ली सापडत नाही म्हणतो. ते फोनवर सांगा. मागचं बिल बाकी असेल तेही या मेलमध्ये नको, त्यासाठी वेगळा मेल, वेगळा दिवस. नाहीतर अख्खा मेल वसुलीचा वाटतो आणि पंपाची काळजी हा बहाणा ठरतो.

आणि नसलेलं काही घालू नका. “आपलं मागच्या आठवड्यात बोलणं झालं त्याप्रमाणे” हे बोलणं न होता लिहिण्याची एक फॅशन आहे. ज्याच्याशी बोलणं झालं नाही त्याला ते लगेच कळतं.

आता माझी एक फजिती सांगते. पंचवीस वर्षांपूर्वी मी वाशीला लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत होते. मी नवा मेल लिहीत नसे. आधीच्या ग्राहकाचा मेल उघडायचा, नाव बदलायचं, पाठवायचा. एकदा एका ग्राहकाला मी लिहिलं, “तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार अडकतं ती तक्रार दूर केली आहे.” त्यांचं उत्तर आलं, “आनंद आहे. आमचा मालवाहू लिफ्ट तळमजला ते पहिला एवढाच जातो.” तेव्हापासून जुन्या मेलवरून नवा मेल करणं मी बंद केलं, आणि तुम्हीही आजच करा. कोरा साचा वेगळा ठेवायचा आणि त्यात बदलायच्या जागी काही तरी टोचणारं लिहायचं. मी “@@@” लिहायची. पाठवण्याआधी Ctrl+F दाबून “@@@” शोधायचं. एकही सापडलं नाही तरच पाठवायचं. जुन्या ग्राहकाचा मजकूर वाक्यात असा बेमालूम बसलेला असतो की तो डोळ्याला सापडत नाही. मोकळी जागा मात्र सापडते.

आता मराठीची खास अडचण. इंग्रजीत नाव साच्यात टाकलं की काम झालं, तिथे नावाचं रूप बदलत नाही. आपल्याकडे विभक्ती लागली की नावाचा चेहराच बदलतो. यादीत “पाटील” आहे आणि साच्यात “@@@ना विनंती” आहे, तर मशीन “पाटीलना विनंती” छापतं. माणूस “पाटलांना” म्हणतो. यादीत “सानपाडा” आहे आणि साच्यात “@@@तील”, तर निघतं “सानपाडातील”. हवं असतं “सानपाड्यातील”. “ठाणेतील”, “कळवातील” ही सगळी मशीनची मराठी, आणि वाचणाऱ्याला ती कानाला खडा लागल्यासारखी लागते. कारण सांगता येत नाही, पण हे माणसाने लिहिलं नाही, इतकं कळतं.

यावर तीन तोडगे आहेत. आडनावाला प्रत्यय लावूच नका, त्यापुढे साहेब, सर किंवा मॅडम घाला आणि प्रत्यय त्याला लावा: “पाटील साहेबांना”, “देशपांडे मॅडमशी”. हे सगळ्या आडनावांना चालतं. जागेच्या नावापुढे “येथील” घातलं तर रूप बदलावं लागत नाही, “सानपाडा येथील”, “ठाणे येथील”. पण त्याला सरकारी नोटिशीचा वास येतो, म्हणून मी त्याऐवजी यादीत वेगळा रकाना ठेवते आणि त्यात रूप हाताने लिहून टाकते: ठाण्यातल्या, सानपाड्यातल्या, खारघरमधल्या, ऐरोलीतल्या. 72 ओळींना अर्धा तास लागतो, तोही एकदाच. तिसरी गोष्ट क्रियापदाची. “तुम्ही फोन केला होता” चालतं, पण “तुम्ही ऑफिसात आला होता” म्हटलं की पुरुष आणि “आल्या होत्या” म्हटलं की बाई ठरते, आणि साच्याला ते माहीत नसतं. वाक्य फिरवा: “तुमचा फोन आला होता”, “तुमचा निरोप मिळाला”. क्रियापद फोनशी जुळतं, माणसाशी नाही. आणि “सौ.” घालायच्या भानगडीत पडू नका. समोरची बाई अविवाहित असेल, विधवा असेल, तुम्हाला माहीत नाही. आडनाव आणि मॅडम पुरे. सगळ्यात सोपं म्हणजे ज्या ग्राहकाने आजवर इंग्रजीत किंवा हिंदीत मेल केलाय त्याला त्याच भाषेत लिहा, मराठी त्याच्यावर लादू नका.

आता यंत्राचं थोडक्यात. एक्सेलमध्ये एक यादी करा, प्रत्येक ग्राहकाला एक ओळ. रकाने: मेल आयडी, संबोधन, जागेचं रूप, पहिला परिच्छेद, करार संपण्याची तारीख, मूळ रक्कम, एकूण रक्कम, फॉर्म बी लागू की नाही, शेवटचं मागणं, विषयाची ओळ. मग वर्डच्या मेल मर्जने ती यादी साच्याला जोडा आणि आउटलुकमधून पाठवा. यात दोन ठिकाणी गडबड होते. तारीख वर्डमध्ये आली की ती अमेरिकन पद्धतीने उलटू शकते, 4 ऑगस्टची 8/4 होते आणि वाचणारा 8 एप्रिल वाचतो. रकमेतला स्वल्पविरामही जातो, 42,480 चे 42480 होतात. म्हणून तारखेसाठी एक्सेलमध्ये शेजारी आणखी एक रकाना करून त्यात हे लिहा, आणि मर्जमध्ये तोच रकाना वापरा:

```
=TEXT(E2,"dd-mm-yyyy")
```

इथे `E2` म्हणजे तुमच्या तारखेचा रकाना. रक्कम मात्र हातानेच मजकूर म्हणून टाइप करा, आधी एकेरी अवतरणचिन्ह देऊन. लाखाच्या वरची रक्कम आपल्या पद्धतीने, 1,18,000 अशी, तशीच राहते.

वर्डच्या मेल मर्जमध्ये विषयाची ओळ सगळ्यांना एकच जाते, आणि मेलला फाइलही जोडता येत नाही. तुमचं कोटेशन जोडायचं असेल तर ही मोठी अडचण, म्हणून मेलमध्ये रक्कम लिहा आणि कोटेशन उत्तर आल्यावर पाठवा. जीमेलच्या पैसे भरून घ्यायच्या काही प्लॅनमध्ये मेल मर्ज आहे, ते सोपंही आहे. पण ते प्रत्येक मेलच्या तळाशी आपोआप “अनसबस्क्राइब”ची लिंक लावतं. वर पंपाची आपुलकी आणि खाली जाहिरातीची लिंक, मग केलेलं सगळं वाया. 72 ग्राहकांसाठी जीमेलच वापरायचं असेल तर साचा जीमेलच्या टेम्प्लेटमध्ये ठेवा आणि एकेक मेल हाताने पाठवा. मी तर तेच सुचवेन. फक्त एक्सेलमधून परिच्छेद चिकटवताना Ctrl+Shift+V वापरा. साधं Ctrl+V केलंत तर एक्सेलचा फॉन्ट आणि आकार सोबत येतो, आणि मेलमध्ये नेमका तो परिच्छेद बाकीच्याहून वेगळा दिसतो. संगणकावर तुम्हाला कदाचित जाणवणार नाही, पण ग्राहकाच्या मोबाइलवर जाणवतं, आणि चिकटवलेला तुकडा कुठे सुरू झाला ते कळतं. म्हणून पहिला मेल स्वतःलाच पाठवा आणि फोनवर उघडून बघा.

वेळेचा हिशेब करू. एका ओळीला, शेरा वाचण्यासकट, तीन मिनिटं धरा. 72 ला साडेतीन-पावणेचार तास. हे एका बैठकीत करू नका. चाळिसाव्या ग्राहकानंतर सगळ्यांना “पंप व्यवस्थित” लिहायला लागाल, मी लागायची. रोज सकाळी चहानंतर दहा करा, आठ दिवसांत होतील, आणि उत्तरंही एकदम अंगावर न येता रोज थोडी येतील. त्यातून कारखाने आणि मोठ्या टॉवर्सना पहिल्या तीन दिवसांत घ्या, त्यांची मंजुरी सावकाश येते. ज्यांनी मागच्या वर्षी रुसून करार केला असे चार-पाच असतीलच, त्यांना मेलच नको. साहेबांनाच फोन करायला लावा.

एक गोष्ट या वर्षी जूनमध्ये नाही जमणार, पुढच्या वर्षी जमेल. टेक्निशियनला सांगून ठेवा की शेरा रिकामा ठेवायचा नाही, आणि “ओके” लिहायचं नाही. किती सिलिंडर बघितले, कुठल्या मजल्यावर काय केलं, एवढं लिहायचं. त्याला पहिल्यांदा कटकट वाटेल. त्याच्याच शब्दांतला एक मेल आणि त्यावर आलेलं उत्तर त्याला दाखवा, मग वाटणार नाही.

राहिले ते चेअरमन. त्यांना अजून उत्तर दिलं नसेल तर आजच द्या, आणि त्यात सबबी नकोत. साधारण असं:

“नमस्कार साहेब. बरोबर आहे, मेल ठरलेलाच होता आणि पद बदलल्याची नोंद आमच्याकडे झाली नव्हती. आज केली. तुम्ही चेअरमन असताना टेरेसच्या टाकीतला व्हॉल्व बदलून घेतला होता, तो व्यवस्थित चालू आहे. नव्या सेक्रेटरींचा नंबर किंवा सोसायटीचा मेल आयडी दिलात, तर कराराचं त्यांच्याशी बोलते.”

व्हॉल्वची ओळ मी अंदाजाने घातली आहे. तुम्ही त्यांची फाइल काढा आणि तिथे खरं काय झालं होतं ते लिहा.